रास्त टीका की न्यायालयाचा अवमान? निबंधाचा प्रश्न सोडवताना

प्रश्न: सर, मी नाशिकमध्ये राहून दिवाणी न्यायाधीश परीक्षेची तयारी करते आहे. सराव परीक्षेत निबंध आला होता, ‘न्यायाधीशांवरील रास्त टीका आणि न्यायसंस्थेची प्रतिष्ठा यांचा समतोल : न्यायालय अवमानाच्या कायद्याच्या संदर्भात चर्चा करा.’ मी अनुच्छेद १९, १९७१ चा कायदा, प्रशांत भूषण खटला सगळं लिहिलं, तरी ‘विवेचन नाही’ असा शेरा आला. नेमकी रेषा कुठे आहे आणि ती निबंधात कशी मांडायची?

उत्तर:

शेरा बहुधा बरोबर असावा. या विषयावरचे निबंध दरवर्षी वाचतो आणि दहातले आठ एकाच साच्याचे असतात. आधी अनुच्छेद १९(१)(अ) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य, मग १९(२) मधली त्यावरची बंधनं, मग अवमान कायद्याच्या कलम २(क) मधली फौजदारी अवमानाची व्याख्या, दोन-तीन निवाडे आणि शेवटी ‘दोन्हींचा सुवर्णमध्य साधला पाहिजे.’ यात चूक काही नाही, पण तपासणाऱ्याने शोधलेली गोष्टही नाही. टीका करणाऱ्याचं कुठलं वाक्य चालेल आणि कुठलं चालणार नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता, तेवढंच त्याला पाहायचं असतं.

त्यासाठी प्रतिष्ठा कुणाची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. न्यायाधीशाचा वैयक्तिक अपमान झाला तर त्याला इतर कुणाही नागरिकासारखा बदनामीचा दावा किंवा फिर्याद करण्याचा मार्ग मोकळा आहे. अवमानाचा कायदा त्याच्यासाठी केलेला नाही. उद्या ज्याची तारीख आहे त्या पक्षकाराचा, ‘इथे माझं म्हणणं ऐकून निकाल लागेल’ हा भरवसा टिकावा, म्हणून तो आहे. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच ब्रह्मप्रकाश शर्मा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निवाड्यात मांडला. क्लासच्या नोट्समध्ये त्याचं नाव एका ओळीत येतं, त्यामुळे त्यातली हकीकत कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या हकीकतीत आहे.

मुझफ्फरनगरच्या जिल्हा वकील संघाच्या कार्यकारिणीने एप्रिल १९४९ मध्ये एक ठराव केला. तिथल्या एका न्यायदंडाधिकाऱ्याबद्दल आणि एका महसूल अधिकाऱ्याबद्दल त्यात लिहिलं होतं की दोघांनाही कायद्याचं ज्ञान नाही, त्यांच्या न्यायिक कामावर विश्वास बसत नाही, आदेशात ते चुकीची तथ्यं लिहितात आणि पक्षकारांशी व वकिलांशी उद्धटपणे वागतात. प्रत्येकाचे आणखी दोष वेगळे नोंदवले होते. भाषा सौम्य अजिबात नव्हती. पण सभा बंद दाराआड झाली होती, ठराव अध्यक्षांनी स्वतः टाइप केला होता आणि प्रती ‘गोपनीय’ म्हणून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि राज्य सरकारकडे गेल्या होत्या, म्हणजे या अधिकाऱ्यांची चौकशी किंवा बदली ज्यांच्या हातात होती त्यांच्याकडेच. अलाहाबाद उच्च न्यायालयाने वकिलांना अवमानाचे दोषी धरलं, माफी स्वीकारली आणि खर्च भरायला लावला. वकील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

सर्वोच्च न्यायालयाने दोन वेगळे प्रश्न विचारले. या मजकुराने न्यायाधीशाची बदनामी झाली का, हा एक. या मजकुराने न्यायदानात अडथळा आला का, किंवा येण्याचा खराखुरा संभव होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘हो’ येतंच असं नाही, आणि अवमान फक्त दुसऱ्यातून उभा राहतो. तो ठरवताना शब्दांबरोबर आजूबाजूची परिस्थितीही बघायची: कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कशासाठी लिहिलं, किती जणांपर्यंत गेलं. इथे हेतू तक्रार निवारणाचा होता आणि मजकूर लोकांपर्यंत पोचलाच नव्हता. अवमान झालाच असेल तर तो तांत्रिक स्वरूपाचा, असं म्हणून अपील मंजूर झालं. निबंधाचा कणा म्हणून हे दोन प्रश्न घ्या.

आता ते एका उदाहरणावर चालवून बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण असे वाद आपल्या जिल्ह्यात रोज उभे राहतात. द्राक्षाच्या बागेकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने बांध घालून अडवला. शेतकऱ्याने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला आणि निशाणी ५ वर तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज दिला. कोर्ट कमिशनरने जागेवर जाऊन अहवाल दिला. अर्ज नामंजूर झाला. त्या रात्री शेतकऱ्याच्या मुलाने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि फेसबुकवर पाच वाक्यं लिहिली.

पहिलं वाक्य: ‘आदेश साफ चुकीचा आहे, कमिशनरच्या अहवालाचा विचारच केलेला नाही.’ ही निखळ रास्त टीका आहे. ती आदेशावर आहे, कारणासहित आहे आणि कुणीही आदेशाची नक्कल काढून पडताळू शकतो. इथे बहुतेक विद्यार्थी कलम ५ लिहितात आणि पुढे जातात. पण कलम ५ ची भाषा बघा. ‘ऐकून अंतिमतः निकाली निघालेल्या’ प्रकरणाच्या गुणवत्तेवरील रास्त टीकेला ते संरक्षण देतं. निशाणी ५ वरचा आदेश अंतिम नाही. दावा चालू आहे आणि या आदेशावर जिल्हा न्यायालयात अपीलही होऊ शकतं. मग पोराने अवमान केला का? नाही. कलम ५ मध्ये न बसणारी प्रत्येक टीका अवमान ठरत नाही. ती कलम २(क) च्या व्याख्येत बसायला हवी, आणि चुकीच्या आदेशाला चुकीचा म्हटल्याने कुठल्याही न्यायालयाचा अधिकार खालावत नाही. कायद्यातही कलम ८ सांगतं की इथे दिलेल्या बचावांमुळे इतर वैध बचाव बंद होत नाहीत. कलम ५ हा बचाव आहे आणि गुन्हा कलम २(क) मध्ये आहे, एवढा क्रम पाळला तरी तुमचा निबंध इतरांपेक्षा वेगळा वाचला जाईल.

प्रलंबित प्रकरणावर लिहिताना धोका वेगळ्या बाजूने येतो. पुढच्या साक्षीवर किंवा सुनावणीवर परिणाम होईल असं लिहिलं तर २(क) मधला दुसरा प्रकार, म्हणजे चालू कामकाजात बाधा, लागू होतो. कमिशनरच्या अहवालाबद्दलच्या या वाक्यात तसं काही नाही.

दुसरं वाक्य: ‘या साहेबांना जमिनीचं काही कळत नाही.’ इथे बोट आदेशावरून माणसाकडे वळलं. मुझफ्फरनगरच्या ठरावात याहून जहाल शब्द होते, हे लक्षात ठेवा. अकार्यक्षमतेचा आरोप टोचतो, पण निकाल विकला गेला असं तो म्हणत नाही. ज्याला कळत नाही त्याच्या चुका वरचं न्यायालय दुरुस्त करतं आणि अपील त्यासाठीच असतं. माझ्या मते एवढ्या वाक्यावर उच्च न्यायालय हात घालणार नाही. पण ते पूर्ण सुरक्षित आहे असंही मी पक्षकाराला सांगणार नाही, कारण मुझफ्फरनगरचा कागद गोपनीय होता आणि ही पोस्ट गावभर फिरली.

तिसरं वाक्य: ‘साहेब आणि समोरच्यांचे वकील एकाच कॉलेजचे, एकाच वर्षाचे. बाकी ज्याने त्याने समजून घ्यावं.’ विद्यार्थ्यांना हे चौथ्यापेक्षा सौम्य वाटतं, कारण यात उघड आरोप नाही. न्यायालयांना तसं वाटत नाही. याचा नमुना आपल्याच राज्यातला आहे. साठच्या दशकात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धचा बदनामीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यासमोर चालला आणि त्यांनी तीन लाखांची नुकसानभरपाई दिली. त्यानंतर १९६५ मध्ये ‘मेनस्ट्रीम’ या नियतकालिकात लेख आला. न्यायमूर्तींच्या भावाचा भाग असलेल्या कंपनीला त्याच सुमारास दहा लाखांचं कर्ज कसं मिळालं, त्याची हकीकत दाव्याच्या हकीकतीशेजारी ठेवली होती. आरोप थेट करायची गरजच ठेवली नव्हती, मांडणीच सगळं सुचवत होती. पर्स्पेक्टिव्ह पब्लिकेशन्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अवमान कायम राहिला. लेख संपूर्ण वाचल्यावर सामान्य वाचकाच्या मनात काय ठसतं, ते न्यायालयाने पाहिलं. ‘मी फक्त तथ्यं दिली’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. तुमची तथ्यं ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवतात, त्या निष्कर्षाची जबाबदारी तुमची असते.

याचा अर्थ हितसंबंधाचा प्रश्न उपस्थितच करायचा नाही, असा नव्हे. न्यायाधीश आणि समोरचे वकील यांचं खरंच जवळचं नातं असेल, तर जिल्हा न्यायाधीशांकडे प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. तिथे हेच कारण प्रतिज्ञापत्रावर लिहायचं असतं. फक्त तिथे ‘समजून घ्यावं’ चालत नाही, तपशील द्यावा लागतो.

चौथं वाक्य: ‘पैसे खाऊन निकाल दिला.’ याच्याइतका स्पष्ट आरोप दुसरा नाही. इथे सत्याचा बचाव येतो, आणि कायदा इथे २००६ मध्ये बदलला. त्याआधी खरं बोललो हा बचाव या कायद्यात लिहिलेलाच नव्हता. आता कलम १३(ब) नुसार, सार्वजनिक हितासाठी आणि प्रामाणिक हेतूने असेल तर न्यायालय सत्याचा बचाव मांडू देऊ शकतं. ‘देऊ शकतं’ हे शब्द नीट वाचा. हा बचाव आपोआप मिळत नाही. आरोप करणाऱ्याकडे पुरावा हवा, आणि ‘गावात सगळे म्हणतात’ हा पुरावा नव्हे. आपल्या मुलाकडे तो नाही. हे वाक्य फेसबुकवर असेल तर ते अवमानाच्या कक्षेत जातं, कारण पहिल्या दोन वाक्यांनी जे केलं नाही ते हे करतं: या कोर्टात तारीख असलेल्या प्रत्येकाला सांगतं की तुमचं म्हणणं ऐकलं जाणार नाही, रक्कम बघितली जाईल.

पण हेच चौथं वाक्य फेसबुकऐवजी उच्च न्यायालयाला लिहिलेल्या तक्रारीत घाला. कोणत्या तारखेला, कुणामार्फत, काय मागणी झाली ते लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल अशी सामग्री जोडा. आता कलम ६ लागू होतं. कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल उच्च न्यायालयाकडे, किंवा तो ज्याला दुय्यम आहे अशा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे, सद्भावनेने केलेलं निवेदन हा अवमान ठरत नाही. शब्द तेच, फक्त ठिकाण बदललं आणि निकाल उलटला. निबंधात समतोल दाखवायला मला याच्याइतकी चांगली जागा माहीत नाही. कायद्याने भ्रष्टाचाराबद्दल बोलायला बंदी घातलेली नाही. चौकशी होऊ शकेल अशा दारापर्यंत जायला मोकळीक दिली आहे आणि चौकशी होऊच शकत नाही अशा चावडीवर ओरडायला मनाई केली आहे. आता, ती दारं खरोखर उघडतात का, हा प्रश्न उरतोच. तक्रार करून वर्षं गेली आणि साधं उत्तरही आलं नाही, असे पक्षकार कोर्टाच्या आवारात चहा पिता पिता भेटतात. हा कलम ६ वरचा खरा आक्षेप आहे आणि तो निबंधात दोन ओळीत लिहायला हरकत नाही.

वकील संघांसाठी हाच विचार १९९५ मध्ये पुन्हा आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींनी राजीनामा द्यावा म्हणून वकिलांच्या संघटनांनी ठराव केले होते. रविचंद्रन अय्यर निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने पद्धत घालून दिली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल विश्वासार्ह माहिती असेल तर ती आधी मुख्य न्यायमूर्तींना द्यायची, मुख्य न्यायमूर्तींबद्दलच असेल तर भारताच्या सरन्यायाधीशांना द्यायची, आणि मग वाजवी काळ थांबायचं. मुझफ्फरनगरच्या शेजारी हा निवाडा ठेवला की धागा लगेच दिसतो. दोन्हीकडे न्यायालय ठरावाच्या शब्दांपेक्षा तो कुणाच्या टेबलावर गेला याकडे जास्त बघत होतं.

पाचवं वाक्य: ‘पुढच्या तारखेला शंभर जण कोर्टात चला, साहेबांना दाखवून देऊ.’ यावर फार लिहायची गरज नाही. इथे टीका संपली आणि दबाव सुरू झाला. खरं-खोटं, रास्त-अरास्त हे प्रश्नच उरत नाहीत, कारण चालू दाव्याच्या कामकाजात ढवळाढवळ करण्याची ही उघड हाक आहे. विनोद असा की असे निबंध लिहिणारे बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वाक्यावर पानं भरतात आणि न्यायदानाला सगळ्यात जास्त इजा करणारं हे पाचवं वाक्य विसरून जातात.

आता तुमचं परीक्षेचं पद लक्षात घेऊन एक गोष्ट. तालुक्याच्या त्या न्यायाधीशाला ही पोस्ट कुणी दाखवली, तर तो काय करू शकतो? स्वतः शिक्षा करू शकत नाही. कनिष्ठ न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार कलम १० ने उच्च न्यायालयाला दिला आहे. तो न्यायाधीश प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवेल, किंवा महाधिवक्ता प्रस्ताव मांडतील. नाशिकचं प्रकरण मुंबईच्या मुख्य पीठापुढे जाईल आणि ते किमान दोन न्यायमूर्तींनी ऐकायचं असतं. अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. कोर्ट चालू असताना समोरच कुणी अपमान केला तर गोष्ट वेगळी, तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम २६७ आहे आणि त्यासाठीची तातडीची प्रक्रियाही आहे. हा तपशील निबंधात दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त जागा घेऊ नये, पण तो आला की उत्तर भावी न्यायाधीशाने लिहिलंय असं वाटतं. अपमान झालेला माणूस आणि शिक्षा देणारा माणूस वेगळे ठेवण्याची ही व्यवस्था स्वतःच समतोलाचा भाग आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या स्वतःच्या अवमानाच्या बाबतीत ही सोय कमकुवत होते, कारण अनुच्छेद १२९ आणि २१५ खाली ती न्यायालयं आपल्याच अवमानाचा निवाडा करतात.

इथून निबंधाचा कठीण भाग सुरू होतो. पाच वाक्यांवर चाललेली कसोटी वरच्या न्यायालयांच्या बाबतीत डळमळते. ही डळमळ लपवू नका. दोन निवाडे शेजारी ठेवले की ती दिसते.

१९६७ मध्ये केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद पत्रकार परिषदेत म्हणाले की न्यायसंस्था हे दडपशाहीचं साधन आहे, न्यायाधीशांवर वर्गीय हितसंबंधांचा आणि पूर्वग्रहांचा पगडा असतो, आणि पुरावा समसमान असेल तर न्यायाधीश गरिबाऐवजी श्रीमंताच्या बाजूने झुकतो. कुठल्याही एका न्यायाधीशाचं नाव नव्हतं, एकाही प्रकरणाचा उल्लेख नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये अवमान कायम ठेवला आणि दंड मात्र एक हजारावरून पन्नास रुपयांवर आणला. वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर हैदराबादमध्ये वकिलांपुढे बोलले. सर्वोच्च न्यायालयात वरच्या वर्गातली माणसं आहेत, त्यांची सहानुभूती धनवंतांशी आहे, आणि परकीय चलन कायदा मोडणारे व सुना जाळणारे यांना तिथे आसरा मिळतो, अशा अर्थाचं ते भाषण होतं. पी. एन. दुडा निवाड्यात १९८८ मध्ये न्यायालय म्हणालं की भाषा जरा सौम्य असती तर बरं झालं असतं, पण हा अवमान नाही.

माझ्या मते शब्दांच्या धारेत या दोघांत फरक असलाच तर मंत्र्यांचे शब्द जास्त तीक्ष्ण होते. मग निकाल वेगळा का? मंत्री स्वतः उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते, श्रोते कायद्यातले होते, भाषणाचा विषय न्यायसंस्थेचं उत्तरदायित्व होता, ही सगळी परिस्थिती न्यायालयाने धरली. म्हणजे १९५३ चीच कसोटी. पण ती नंबुद्रीपादांना तितक्याच उदारपणे लावली होती का? मला तसं वाटत नाही. मधल्या काळात न्यायालयाची कातडी जरा जाड झाली होती. १९७८ च्या मुळगावकर प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलं की हा अधिकार काटकसरीने वापरावा, न्यायाधीशाची वैयक्तिक बदनामी आणि न्यायदानातला अडथळा यांची गल्लत करू नये, आणि न्यायाधीशांनी अतिसंवेदनशील असू नये. दुडा निवाडा त्या वाऱ्यावर आला. असं मत मांडायला परीक्षेत घाबरू नका. दोन निवाड्यांतली विसंगती कारणासह दाखवणं म्हणजेच विवेचन, आणि तसं करणं हे स्वतः रास्त टीकेचं उदाहरण आहे.

प्रशांत भूषण प्रकरण तुम्ही लिहिलं होतंत, पण बहुधा एक रुपयाच्या दंडापुरतं. त्यातला परीक्षेच्या कामाचा भाग दंडात नाही, पहिल्या ट्वीटच्या वाचनात आहे. जून २०२० मधल्या त्या ट्वीटमध्ये दोन गोष्टी होत्या. सरन्यायाधीश नागपूरच्या राजभवनात महागड्या मोटारसायकलवर मास्क आणि हेल्मेटशिवाय बसले, ही एक. आणि त्याच वेळी त्यांनी न्यायालय टाळेबंदीत ठेवून नागरिकांना न्याय नाकारला, ही दुसरी. न्यायालयाने या दोन भागांची फोड केली. मोटारसायकलचा भाग सरन्यायाधीशांवर व्यक्ती म्हणून केलेली टीका मानता येईल, असं म्हणून तो बाजूला ठेवला. दुसरा भाग त्या पदावर आणि संस्थेवर होता, आणि न्यायालय दूरदृश्य प्रणालीने चालू असताना ते विधान खोटं आहे, म्हणून तिथे अवमान धरला. व्यक्ती आणि संस्था यांची १९५३ पासूनची फोड एकाच ट्वीटच्या आत केलेली तुम्हाला इथे बघायला मिळते.

त्या निकालावर टीकाही पुष्कळ झाली. तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा कलम १३(अ) चा आहे, तोही २००६ मधलाच. न्यायदानात ‘भरीव’ हस्तक्षेप होतो किंवा होण्याचा कल आहे, अशी खात्री झाल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असं ते कलम सांगतं. एका ट्वीटने सर्वोच्च न्यायालयाच्या कामात भरीव अडथळा येतो का? न्यायालयाची भूमिका अशी की अनुच्छेद १२९ चा अधिकार घटनेतून येतो आणि साध्या कायद्याने तो आक्रसत नाही. मला यात दम वाटतो, पण पूर्ण समाधान होत नाही. संसदेने कसोटी घट्ट केली आणि वरिष्ठ न्यायालय तिच्या बाहेर उभं राहू शकतं, तर तालुक्याच्या न्यायाधीशाच्या संरक्षणाची कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या संरक्षणापेक्षा कडक होते. खरं म्हणजे ज्याच्याकडे बंदोबस्त कमी आणि गर्दी जास्त, त्याला संरक्षणाची गरज अधिक.

इंग्लंडचा दाखला द्यायचा असेल तर नेमका द्या. ‘न्यायालयाची बदनामी’ हा अवमानाचा प्रकार इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ मध्ये कायद्याने रद्द झाला, तोही दशकानुदशकं कुणाला शिक्षा न झाल्यानंतर. तिथे कामकाजातला अडथळा हा अवमान अजून आहेच, हे विद्यार्थी सांगायचं विसरतात. आपल्याकडे विधी आयोगाने २०१८ च्या २७४ व्या अहवालात व्याख्या तशीच ठेवावी असं सुचवलं. त्याचं एक कारण असं की कायद्यातून ती काढली तरी १२९ आणि २१५ खालचा अधिकार शिल्लक राहतोच.

लिहिताना क्रम असा धरा. पहिल्या परिच्छेदात प्रतिष्ठा कुणाची, हे मुझफ्फरनगरच्या हकीकतीतून सांगा. मग आदेश, क्षमता, हेतू आणि दबाव असं एकेक पाऊल चढा, प्रत्येक पावलावर कुठलं कलम येतं ते तिथल्या तिथेच सांगा, म्हणजे कलमांची वेगळी यादी करावी लागणार नाही. नंबुद्रीपाद आणि दुडा समोरासमोर ठेवा. माफीवर एक वाक्य पुरे. कलम १२ नुसार जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने साधी कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि माफी सशर्त आहे एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही, फक्त ती मनापासून हवी. सुवर्णमध्य, लक्ष्मणरेषा, लोकशाहीचा आधारस्तंभ हे शब्द सुचले की पेन थांबवा आणि त्या जागी एक हकीकत लिहा.

निष्कर्षात बाजू घ्या. मी लिहीन ते असं: हेतूवरचा निराधार आरोप आणि चालू कामकाजावरचा दबाव एवढ्यापुरताच अवमान मर्यादित राहावा, वरच्या न्यायालयांनीही कलम १३ स्वतःला लावून घ्यावं, आणि कलम ६ खालच्या तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावं. तुमचं मत वेगळं असेल तर तेच लिहा. सरावासाठी वरच्या पोस्टमधलं तिसरं वाक्य घ्या, ते वकिलाने लिहिलं असतं तर, वृत्तपत्राने छापलं असतं तर आणि प्रकरण वर्ग करण्याच्या अर्जात आलं असतं तर काय झालं असतं, यावर एकेक परिच्छेद लिहून मला दाखवा.